बाटलीवर लिहिलेलं ०.१

आपल्या केमिस्ट्री लॅबमधल्या शेल्फवर एक प्लास्टिकची बाटली असते. तिच्यावर मार्करने लिहिलेलं असतं, ‘कॉस्टिक सोडा, ०.१ मोलर’. ते कोणी लिहिलं, कधी लिहिलं, कशावरून लिहिलं, हे आपल्यापैकी कोणी आजवर विचारलंय का? आपण ब्युरेट भरतो, रीडिंग घेतो, जर्नलच्या फॉर्म्युल्यात ०.१ टाकतो आणि कॅन्टीनला पळतो. माझं स्पष्ट मत असं, की तो आकडा तिथे नसलेलाच बरा. बाटलीवर फक्त ‘कॉस्टिक’ लिहा आणि मोलॅरिटीची जागा कोरी सोडा. ती आपली आपण शोधून काढू.

हे मत हॉस्टेलच्या गच्चीवर बसून सुचलेलं नाही. दुसरं वर्ष संपल्यावर सुट्टीत सहा आठवडे मी एका खाजगी फूड टेस्टिंग लॅबमध्ये इंटर्न होते. (मराठी सेक्शनसाठी लिहितेय, त्यामुळे ‘प्रशिक्षणार्थी’ म्हणायला हवं बहुतेक. पण तिथे सगळे मला ‘इंटर्न’च म्हणायचे, आणि माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा चालवून घ्या.) माझं काम मोठं काही नव्हतं. द्रावणं बनवायची, त्यांची नोंद ठेवायची, आणि व्हिनेगरच्या सॅम्पल्समध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड किती टक्के आहे ते टायट्रेशनने काढायचं. ऐकायला अगदी बारावीचं प्रॅक्टिकल! फरक एवढाच, की आपल्याकडे उत्तर चुकलं तर एक मार्क जातो आणि तिथे उत्तर चुकलं तर कोणाचा तरी माल बाजारात जातो, किंवा जात नाही.

आधी कॉस्टिकबद्दल, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडबद्दल. ४० ग्रॅम म्हणजे एक मोल. म्हणून ४ ग्रॅम घ्या, एक लिटर करा, झालं ०.१ मोलर. कागदावर हे शंभर टक्के बरोबर आहे. पण कॉस्टिकच्या त्या पांढऱ्या गोळ्या एकदा वॉचग्लासवर ठेवून बघा. पावसाळ्यात तर दोन-तीन मिनिटांत त्यांना पाणी सुटल्यासारखं दिसतं. त्या हवेतली वाफ ओढून घेतात. शिवाय हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतात आणि वरच्या थराचं कार्बोनेट होतं. म्हणजे काटा ४.०२ ग्रॅम दाखवतो तेव्हा त्यातलं कॉस्टिक किती, पाणी किती आणि कार्बोनेट किती, हे काटा सांगत नाही. काटा खोटं बोलत नाही, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नाही!

म्हणूनच तिथल्या सीनियर केमिस्ट मॅडमनी मला कॉस्टिक चार दशांशांच्या काट्यावर तोलू दिलं नाही. मी सवयीने तिकडे वळले, तर म्हणाल्या, “अगं, तो काटा याच्यासाठी नाही. साध्या काट्यावर घे आणि पटकन पाण्यात टाक. याचा खरा आकडा नंतर निघणार आहे.” मला तेव्हा गंमत वाटली. एक्झॅक्ट मोलॅरिटीचं द्रावण करायचं आणि वजन मात्र साध्या काट्यावर?

पण त्यातच सगळी मेख आहे. कॉस्टिकसारख्या पदार्थाचं द्रावण वजनावरून अचूक होतच नाही. ते अंदाजे बनवायचं आणि मग ज्याच्यावर भरवसा ठेवता येतो अशा पदार्थाशी त्याची गाठ घालून त्याची खरी मोलॅरिटी काढायची. तो भरवशाचा पदार्थ म्हणजे पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट, लॅबच्या भाषेत केएचपी. तो हवेतलं पाणी सहसा ओढत नाही, शुद्ध मिळतो, ओव्हनमध्ये वाळवता येतो, आणि त्याचा एक मोल म्हणजे २०४.२२ ग्रॅम, इतका वजनदार असल्यामुळे तोलताना होणारी बारीक चूक हिशोबात फारशी दिसत नाही. त्याचा एक मोल कॉस्टिकच्या बरोबर एका मोलशी रिअ‍ॅक्ट होतो. चार दशांशांचा काटा आहे तो याच्यासाठी.

आता प्रत्यक्ष काय केलं ते सांगते. पाणी दहा मिनिटं उकळून झाकून गार केलं, म्हणजे त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. साध्या काट्यावर ४.०२ ग्रॅम कॉस्टिक बीकरमध्ये घेतलं (कागदावर कधीच नाही, गोळ्या चिकटतात). थोड्या पाण्यात विरघळवलं. बीकर चांगला गरम होतो, म्हणून थांबावं लागतं. गरम द्रावण फ्लास्कमध्ये ओतून खुणेपर्यंत भरलं, तर गार झाल्यावर पातळी खाली जाते, कारण फ्लास्कची खूण एका ठराविक तापमानालाच खरी असते. ते तापमान फ्लास्कवर छापलेलं असतं, २० किंवा २७ अंश, कधी वाचलंय? गार झाल्यावर एक लिटरच्या फ्लास्कमध्ये घेतलं, बीकर तीनदा धुऊन ते पाणीही त्यातच घातलं, आणि खुणेपर्यंत भरलं. ‘एक लिटर पाणी घातलं’ आणि ‘एक लिटरपर्यंत भरलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सांगायची गरज नाही असं मला वाटायचं. पण आपल्याच बॅचच्या जर्नल्समध्ये मी पहिलं वाक्य कितीदा वाचलंय! शेवटी बूच लावून फ्लास्क उलटसुलट करून नीट मिसळलं आणि प्लास्टिकच्या बाटलीत भरलं. कॉस्टिक काचेला हळूहळू खातं आणि काचेचं बूच जाम होतं, म्हणून प्लास्टिक.

काट्याचा आकडा खरा धरला तर हे ०.१००५ मोलर व्हायला हवं. लक्षात ठेवा हा आकडा.

मग केएचपी. ते ११० अंशाला दोन तास वाळवून डेसिकेटरमध्ये गार केलेलं होतं. वेइंग बॉटलचं वजन १८.४३६२ ग्रॅम. त्यातलं थोडं केएचपी कॉनिकल फ्लास्कमध्ये टाकलं आणि बॉटल पुन्हा तोलली, १७.९२३५. म्हणजे फ्लास्कमध्ये गेलं ०.५१२७ ग्रॅम. मला बरोबर ०.५ ग्रॅम हवं होतं का? मुळीच नाही. साधारण अर्धा ग्रॅम हवं होतं, कारण तेवढ्याला ब्युरेटमधून पंचवीसेक मिली लागतं. ब्युरेट वाचताना ०.०५ मिलीचा फरक कोणाच्याही हातून पडतो. पंचवीस मिलीत तो नगण्य आहे, पण केएचपी कमी घेऊन पाच मिलीतच काम उरकलं, तर तोच फरक एक टक्का होतो.

फिनॉल्फथॅलीन घालून टायट्रेट केलं. फिकट गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबायचं. नंतर तो हळूहळू जातो, कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड फ्लास्कमध्येही शिरत असतो. म्हणून रंग गेला की पुन्हा एक थेंब, पुन्हा गेला की पुन्हा एक थेंब, असं करत बसायचं नाही. ब्युरेट २५.६५ वर थांबलं. आता हिशोब: ०.५१२७ ला २०४.२२ ने भागलं की ०.००२५१०५ मोल. त्याला ०.०२५६५ लिटरने भागलं की ०.०९७९ मोलर. दुसऱ्यांदा केएचपी घेतलं ०.४९८३ ग्रॅम, लागले २४.९५ मिली, उत्तर ०.०९७८. तिसऱ्यांदा ०.५०४१ ग्रॅम, २५.२० मिली, उत्तर ०.०९८०. सरासरी ०.०९७९.

०.१००५ वाटलं होतं, निघालं ०.०९७९. अडीच टक्क्यांहून थोडा जास्त फरक. हे कॉस्टिक नव्या सीलबंद बाटलीतलं होतं, कोणाचा काही निष्काळजीपणा नव्हता. पदार्थच तसा.

आता बघा, ०.०९७९ आल्यावर आपल्यापैकी कोणाचाही हात पुढे काय करेल. अजून दोन-चार गोळ्या टाकू आणि ०.१ करू! मीही तसं विचारलं. मॅडम म्हणाल्या, “कशाला? द्रावणाला नाव ठेवायचं नाही, लेबल बदलायचं.” गोळ्या टाकल्या तर पुन्हा किती पाणी, किती कार्बोनेट, हा प्रश्न नव्याने सुरू. ०.०९७९ हा आकडा दिसायला ओबडधोबड आहे, पण तो माहीत असलेला आकडा आहे. एक्झॅक्ट मोलॅरिटी म्हणजे गोल आकडा नव्हे. आपल्याला शाळेपासून ०.१, ०.०१, ०.५ असेच आकडे भेटत आल्यामुळे एक्झॅक्ट आणि गोल यांची गल्लत झालीय असं मला वाटतं.

“पण दोन टक्क्यांनी असं काय बिघडतं?” हा प्रश्न माझ्या रूममेटने विचारला. ती कॉम्प्युटरची आहे, तिला माफ. पण केमिकलच्या मुलांनीही हेच विचारलं, म्हणून एक सॅम्पल पूर्ण सांगते.

व्हिनेगरमध्ये अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड किमान ३.७५ टक्के हवं. म्हणजे १०० मिलीत ३.७५ ग्रॅम. एका सॅम्पलचे १० मिली पिपेटने घेऊन १०० मिलीच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरले. त्यातले २५ मिली टायट्रेशनला घेतले. त्या २५ मिलीत मूळचं व्हिनेगर किती? अडीच मिली. आमचं कॉस्टिक लागलं १५.७५ मिली. आता आपल्या शेल्फवरच्या बाटलीसारखं ०.१ धरून हिशोब करा: १.५७५ मिलिमोल, भागिले २.५ मिली, म्हणजे ०.६३ मोलर. अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडचा मोल ६०.०५ ग्रॅमचा, म्हणून लिटरमध्ये ३७.८ ग्रॅम, अर्थात ३.७८ टक्के. पास! आता खरं ०.०९७९ धरून करा. लिटरमध्ये ३७.० ग्रॅम निघतात, म्हणजे ३.७० टक्के. नापास. तेच सॅम्पल, तेच ब्युरेट, तेच रीडिंग. बदलला फक्त लेबलवरचा आकडा.

आणि हे उलटही होऊ शकतं, बरं का. कॉस्टिक कोणी ०.१०२ केलं असेल आणि सगळे ०.१ धरून चालले असतील, तर चांगला माल नापास होईल. त्या बिचाऱ्या उत्पादकाला आपली चूक कुठे झाली ते कधी कळणारही नाही, कारण त्याची चूक झालेलीच नसेल.

आता डायल्यूशनच्या नोंदीकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे. वरच्या हिशोबात ‘अडीच मिली’ कुठून आलं? दोन नोंदींमधून. १० मिलीचे १०० केले आणि त्या १०० मधले २५ घेतले. या दोन ओळी वहीत नसतील, तर १५.७५ या रीडिंगला काही अर्थ नाही. आणि आपण जर्नलमध्ये काय लिहितो? ‘सॅम्पल दहापट डायल्यूट केलं’ किंवा ‘१:१० डायल्यूशन’. आता १:१० म्हणजे काय, सांगा बरं. १० मिलीचे एकूण १०० केले, की १० मिलीत १०० मिली पाणी घातलं? पहिल्यात दहापट, दुसऱ्यात अकरापट. कोणी दुसऱ्या पद्धतीने केलं आणि हिशोब करणाऱ्याने पहिली पद्धत समजली, तर ३.७० टक्क्यांचं व्हिनेगर ३.३६ दिसेल. मघाशी दोन टक्क्यांवर वाद घालत होतो, इथे एका झटक्यात नऊ टक्के गेले! (आपल्या मेसची डाळ रोज कितीपट डायल्यूट होते याचीही कुठे नोंद नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

त्या लॅबमध्ये ‘१:१०’ लिहायला बंदी होती. ‘१०.०० मिली, बल्ब पिपेट, १०० मिली फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत’ असं पूर्ण लिहायचं. पिपेट आणि फ्लास्कचा नंबरही लिहायचा, कारण उद्या एखादं पिपेट तुटक्या टोकाचं निघालं, तर त्याने केलेले रिझल्ट्स शोधता यायला हवेत. M₁V₁ = M₂V₂ हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं, पण त्यातला V₂ हा शेवटचा एकूण व्हॉल्यूम आहे, ओतलेल्या पाण्याचा नाही, एवढं ‘खुणेपर्यंत’ या एका शब्दाने सांगून होतं.

नोंदीचा दुसरा नियम वेळेचा होता. काट्यावर आकडा स्थिर झाला की लगेच वहीत, पेनने. चिठ्ठीवर नाही, हातावर नाही, ‘नंतर फेअर करू’ तर नाहीच. चुकीचं लिहिलं गेलं तर एक रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही आणि तारीख. व्हाइटनर लॅबमध्ये आणायलाच मनाई होती. आणि बाटलीवरच्या लेबलवर ०.०९७९ मोलर, तारीख, सही आणि वहीचा पान नंबर. म्हणजे कोणीही बाटली उचलावी, त्या पानावर जावं आणि केएचपीच्या १८.४३६२ ग्रॅमपर्यंत मागे चालत जावं. आठवडा झाला की पुन्हा केएचपीशी टायट्रेशन, पुन्हा नवा आकडा, पुन्हा नवं लेबल, कारण बाटली उघडबंद होते तसं कॉस्टिक हवेतून काही ना काही शोषत राहतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. तीन उत्तरं जुळली म्हणजे उत्तर बरोबरच, असं नाही. केएचपी नीट वाळवलेलं नसेल तर तिन्ही वेळा ते ओलंच असणार. तिन्ही वेळा काटा जास्त दाखवणार, ब्युरेटमधून कमी लागणार आणि मोलॅरिटी तिन्ही वेळा सारखीच फुगून येणार. तीन रीडिंग जुळल्याचा आनंद आपल्याला फार असतो, पण त्याने फक्त हात स्थिर आहे एवढंच कळतं. म्हणून तिथे महिन्यातून एकदा तेच कॉस्टिक दुसऱ्या वाटेने, वेगळ्या पद्धतीने स्टँडर्डाइज केलेल्या हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडशीही ताडून बघायचे. दोन वेगळ्या वाटांनी तोच आकडा आला, तर मग बोला.

आता आपल्या लॅबकडे. मला माहितीय, सर म्हणतील, एका बॅचला वीस मुलं, चांगला काटा एक, वेळ दोन तास, त्यात स्टँडर्डायझेशन कुठे बसवणार? मुद्दा खरा आहे. वीस जणांनी चार दशांशांच्या काट्यासमोर रांग लावली तर प्रॅक्टिकल तिथेच संपेल. पण प्रत्येकाने सगळं करावं असं मी म्हणतच नाही. टर्मच्या पहिल्या प्रॅक्टिकलला पाच जणांच्या एका गटाने बॅचसाठी कॉस्टिक बनवावं, दुसऱ्या गटाने तीन केएचपी तोलावीत, बाकीच्यांनी टायट्रेट करावं. निघेल तो आकडा त्या बॅचचा. एका बॅचचा ०.०९७९ येईल, दुसऱ्या बॅचचा ०.१०१३. येऊ दे की!

याचा एक फायदा लॅब असिस्टंट काकांनाही होईल. आज दर सोमवारी सकाळी तेच एकटे आठ लिटर द्रावण बनवतात, आणि उत्तरं जुळली नाहीत की सगळी बॅच त्यांच्याकडे बोट दाखवते.

आणि सर्वांत मोठा फायदा असा, की सीनियरचं जर्नल उतरवणं आपोआप बंद पडेल. आज ते चालतं, कारण दर वर्षी ०.१ च असतो, सॅम्पल तेच असतं आणि रीडिंगही तेच असतं. कित्येक जण आधी उत्तर ठरवतात आणि मग मागे जाऊन रीडिंग ‘बसवतात’. मी कोणाचं नाव घेत नाही, हॉस्टेलमध्ये राहायचंय मला. पण ज्या वर्षी बाटलीवरचा आकडा दर बॅचला बदलेल, त्या वर्षी मागच्या वर्षीच्या जर्नलचा उपयोग फक्त मुखपृष्ठाच्या मापासाठी उरेल.

व्हायव्हामध्येही एक प्रश्न बदलावा अशी विनंती आहे. ‘मोलॅरिटीची व्याख्या सांगा’ हे सगळ्यांना येतं. त्याऐवजी परीक्षकांनी जर्नलमधल्या कोणत्याही एका आकड्यावर बोट ठेवून विचारावं, ‘हा कुठून आला?’ विद्यार्थ्याने आधीच्या ओळीकडे बोट न्यावं, तिथून त्याच्या आधीच्या, असं करत करत काट्याच्या वजनापर्यंत पोहोचावं. पोहोचला तर पूर्ण मार्क, मध्येच रस्ता तुटला तर तिथवरचे मार्क.

नवीन सेमिस्टरच्या इंडेंटमध्ये अर्धा किलो केएचपी मागवावं लागेल. एका बॅचच्या तीन टायट्रेशनला दीड ग्रॅम लागतं. हिशोब तुम्हीच करा, किती वर्षं पुरेल ते.